रखडलेला फ्लॅट: महारेरातील तक्रार की दिवाणी दावा?

जुळे सोलापुरातील एका गृहप्रकल्पातील 42 लाखांचा फ्लॅट आणि त्याचा 2020 मध्ये नोंदवलेला करारनामा उदाहरणादाखल घेऊ. करारानुसार 31 डिसेंबर 2022 पर्यंत ताबा मिळायला हवा होता. तोवर खरेदीदाराने 36 लाख भरले, पण इमारत तिसऱ्या मजल्यावरच थांबली आणि बँकेचा हप्ता मात्र चालू राहिला. अशा वेळी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार करावी की सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात दावा लावावा, हे ठरवताना खर्च आणि वेळ यांच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: काम नेमके कोणामुळे अडले आहे?

विलंब बिल्डरचा असेल आणि प्रकल्प नोंदणीकृत असेल, तर माझ्या मते महारेराचा मार्ग निर्विवादपणे उजवा आहे. 2016 च्या रेरा कायद्याचे कलम 18 खरेदीदाराला दोन पर्याय देते. प्रकल्पातून बाहेर पडून भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत मागावी, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यावे. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या एमसीएलआर या कर्जाच्या आधारभूत दरांपैकी सर्वोच्च दरापेक्षा 2 टक्क्यांनी अधिक असतो. हिशेबाच्या सोयीसाठी तो 10 टक्के धरला, तरी 36 लाखांवर महिन्याला 30,000 रुपये होतात. कोणता पर्याय हवा, हे तक्रारीतील मागणीत स्वच्छ लिहावे.

येथे एक गफलत वारंवार होते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत वाढलेली दिसली की ताब्याची तारीखही वाढली, असे बिल्डर सांगतो आणि खरेदीदार ते खरे मानतो. ती मुदतवाढ प्रकल्पाच्या नोंदणीची असते. आपल्या करारातील तारीख तिने आपोआप बदलत नाही, आणि विलंबाचा हिशेब करारातील तारखेपासूनच मांडला जातो. 2017 मध्ये या कायद्याची वैधता कायम ठेवताना मुंबई उच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. म्हणून करारनामा, सूची क्रमांक दोन, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बँकेचे विवरण हेच तक्रारीचे खरे बळ आहे. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि शुल्क 5,000 रुपये आहे. दिवाणी दाव्याचे न्यायालयीन शुल्क मात्र दाव्याच्या मूल्यावर आकारले जाते, त्यामुळे ते याच्या कितीतरी पट होते. शिवाय दाव्यात लेखी म्हणणे, वादमुद्दे, पुरावा आणि उलटतपासणी हे सारे टप्पे ओलांडावे लागतात.

तरीही दिवाणी दावाच लावला, तर बहुधा बिल्डरच रेरा कायद्याचे कलम 79 पुढे करून दावा फेटाळण्याचा अर्ज देतो. जे प्रश्न प्राधिकरण सोडवू शकते, त्यांवर दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही, असे ते कलम सांगते. या एका अर्जावरच बराच काळ जाऊ शकतो. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र यामुळे बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे.

अपिलातला फरकही मोलाचा आहे. महारेराच्या आदेशाविरुद्ध बिल्डरला अपील करायचे असेल, तर खरेदीदाराला द्यावयाची पूर्ण रक्कम व्याजासह अपील न्यायाधिकरणाकडे आधी जमा करावी लागते. दिवाणी अपिलात असे सरसकट बंधन नाही. तिथे ठेव किंवा हमी किती घ्यायची, हे न्यायालय परिस्थिती पाहून ठरवते.

महारेराची मर्यादा वसुलीत दिसते. आदेशानंतरही बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला पुन्हा अर्ज करून वसुली वॉरंट मिळवावे लागते. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. सोलापुरात ते सहसा संबंधित तहसील कार्यालयाकडे येते. तेथे बिल्डरच्या मालमत्तेचे सातबारे, मिळकत पत्रिका आणि बँक खात्यांचा तपशील स्वतः पुरवणाऱ्याचे काम लवकर सरकते. नुसती वाट पाहणाऱ्याची फाइल मात्र पडून राहते. बिल्डरच्या नावावर काही उरलेच नसेल, तर वॉरंटमधून काही हाती लागत नाही. दिवाणी हुकूमनाम्याचीही तीच गत होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे. जमीनमालकाच्या भावाने वाटणीचा दावा लावून बांधकामाला मनाई मिळवली असेल, तर महारेरा खरेदीदाराला बिल्डरकडून व्याज देववेल, पण जमीन कोणाची याचा निवाडा करणार नाही. तो निवाडा दिवाणी न्यायालयाचा आहे, आणि ज्याला फ्लॅटच हवा आहे त्याने वकिलाच्या सल्ल्याने त्या दाव्यात पक्षकार म्हणून सामील होण्याचा अर्ज द्यावा. असा वाद आहे का, हे संकेतस्थळावरील प्रकल्पाच्या पानावर खटल्यांच्या माहितीत आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात पाहता येते. ज्याला पैसेच परत हवे आहेत, त्याने जमिनीच्या वादात न पडता कलम 18 खाली परतावा मागावा. सदोष मालकी हक्कामुळे नुकसान झाले असेल, तर त्याची भरपाईही याच कायद्याखाली मागता येते, मात्र तिचा निर्णय स्वतंत्र न्यायनिर्णय अधिकारी देतात.