चाळीस डब्यांवरून चारशे: सरासरीने गुणायचं की खर्च सुटा करून मांडायचा?

इंदूरमधल्या एका मराठी मंडळाने मागच्या हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी दुपारच्या डब्याचा पायलट, म्हणजे छोटा प्रयोग, चालवला. लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगर या दोनच वस्त्या, ४० माणसं, महिन्याचे २६ दिवस, तीन महिने. म्हणजे ३,१२० डबे. खर्च झाला ३,०५,७६० रुपये, दर डब्यामागे ९८. हिशेब मी लिहीत होते, म्हणून पुढचा प्रश्नही माझ्याकडेच आला. शहरभर ४०० डबे, पूर्ण वर्षभर, यासाठी देणगीदारांकडे किती मागायचे?

उत्तर काढायचे दोन रस्ते होते. तुमची संस्था अशाच वळणावर असेल तर दोन्ही समोरासमोर ठेवून बघा.

पहिला रस्ता सरळ गुणाकाराचा. वर्षाचे डबे १,२४,८००, दर ९८, एकूण १ कोटी २२ लाख ३० हजार. आमच्या खजिनदारकाकांना हाच पटत होता. "ताई, आकडा आपल्याच वहीतला आहे, अंदाज नाही. देणगीदाराला एका ओळीत समजतो," असं ते म्हणत, आणि त्यात तथ्य होतं.

दुसरा रस्ता म्हणजे त्या ९८ रुपयांची फोड करायची आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचं, तू कशामुळे वाढतोस? डाळ-तांदूळ डब्यांच्या संख्येबरोबर वाढतात. स्वयंपाकीणबाई संख्येबरोबर वाढत नाहीत, त्या पायरीपायरीने वाढतात. जागेचं भाडं एकदम उडी मारतं आणि मग बराच काळ हलत नाही. डबा पोचवण्याचा खर्च तर डब्यांवर अवलंबूनच नसतो, तो घरं एकमेकांपासून किती लांब आहेत यावर ठरतो.

अशी फोड केल्यावर दर डब्यामागचे रुपये असे आले:

| बाब | पायलट, ४० डबे | विस्तार, ४०० डबे |
|---|---|---|
| किराणा, भाजी, दूध-दही | ४२ | ४३ |
| गॅस | ४ | ३ |
| स्वयंपाकघरातली माणसं | २० | १३.५० |
| डबे पोचवणं | १२ | १९.६० |
| जागा, वीज, पाणी | ० | ४.३० |
| समन्वय, हिशेब | ० | ४.१० |
| ई.एस.आय. आणि पी.एफ. | ० | ४.८० |
| डबे, भांडी, शेगड्या | २० | ५.३० |
| एकूण | ९८ | ९७.६० |

बेरीज जवळजवळ तीच आली. काका खूश झाले, मी मात्र त्या रात्री पुन्हा बसले. कारण आठही ओळींतला एकही आकडा जागेवर राहिला नव्हता. दोन मोठ्या चुका एकमेकींना योगायोगाने खाऊन टाकत होत्या. पायलटमध्ये भांड्यांचा सगळा खर्च तीन महिन्यांवर पडला होता, म्हणून तो फुगला होता. आणि हॉल मंडळाचा, समन्वय दोन निवृत्त काकांचा, म्हणून तिथे शून्यं होती. ४०० या एकाच आकड्यावर हा फुगवटा आणि ही शून्यं एकमेकांना भरून काढतात. ७० वर होत नाहीत, २०० वर तर मुळीच नाहीत.

आधी ७० चं बघू, कारण बऱ्याच संस्थांची पुढची पायरी तेवढीच असते. त्याच दोन वस्त्यांत आणखी ३० माणसं घेतली, तर आमच्या स्वयंपाकीणबाई आणि मदतनीस तेवढं सहज उरकतात. पायलटमध्ये त्यांचा हात रिकामा राहत होता. वाढतो तो माल आणि गॅस, डब्यामागे ४६ रुपये. पोचवणारा मुलगा मात्र पुरत नाही, दुसरा लागतो. त्याचा पगार आणि पेट्रोल मिळून महिन्याला १२,४८०, ते ७८० डब्यांवर वाटले तर १६ रुपये. म्हणजे वाढीव डबा ६२ रुपयांत पडतो, वर नव्या डब्यांची एकदाची खरेदी. इथे ९८ ने गुणलं असतं तर आम्ही विनाकारण जास्त मागितलं असतं, किंवा परवडत नाही म्हणून तीस जणांना नाही म्हटलं असतं. मला हे दुसरं जास्त लागतं.

आता पोचवणीकडे येते, कारण सगळा विस्तार तिथेच अडकतो. डबा साडेअकरा ते एक या दीड तासात पोचला पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांना दोन वाजता जेवण चालत नाही. लोकमान्य नगरात मुलगा स्कूटर लावून एका गल्लीतली पाच घरं पायी करतो, कालचा रिकामा डबा उचलतो आणि पुढे जातो. एका घराला सव्वादोन मिनिटं, दीड तासात ४० घरं. हा वेग आम्ही पायलटची देणगी मानला आणि शहरभर गृहीत धरणार होतो. पायलट संपता संपता मी हट्टाने पंधरा दिवस निपानिया आणि विजय नगरच्या बाजूला २० डबे पाठवून बघितले. तिथे फाटकावर नोंद, लिफ्टची वाट, मग पुढची इमारत एक-दीड किलोमीटरवर. एका घराला चार मिनिटं लागली. म्हणजे दीड तासात २२ घरं.

आमच्या यादीतल्या ४०० पैकी १६० जणं लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, रामबाग अशा दाट वस्तीत होते आणि २४० विखुरलेले. दाट भागाला चार मुलं पुरतात, डब्यामागे १२ रुपये. विखुरलेल्या भागाला अकरा लागतात आणि पेट्रोल धरून प्रत्येकी १४,०००. डब्यामागे जवळपास २५. सरासरीत हा दुपटीचा फरक दिसतच नाही. सगळे चारशे जण दाट वस्त्यांतूनच घेतले असते, तर मुलं दहाच लागली असती आणि वर्षाचे साडेनऊ लाख वाचले असते. म्हणून मग फक्त जवळच्यांनाच डबा द्यायचा का? मी तसं म्हणणार नाही. निपानियात एकट्या पडलेल्या आजींची गरज तितकीच खरी आहे. पण मंडळाने तो निर्णय आकडा समोर ठेवून घ्यावा, एवढं मला वाटत होतं.

मालाच्या ओळीत पायलट वेगळ्या तऱ्हेने फसवतो. आमचे तीन महिने थंडीचे होते. चोइथराम मंडीत तेव्हा मटार, गाजर, फुलकोबी, पालक सगळं स्वस्त असतं. पावसाळ्यात तोच वाटा महागतो, म्हणून भाजी-दुधाचे १८ रुपये मी वर्षासाठी २१ धरले. उलट सियागंजात पोत्याने किराणा घेतला की २४ चे २२ होतात. नुसतं "घाऊक घेतलं की स्वस्त पडतं" म्हणून पूर्ण ओळ खाली आणू नका. सवलत धान्य-तेलावर मिळते, कोथिंबिरीवर नाही. चातुर्मासात एकादशी-चतुर्थीला उपवासाचा वेगळा डबा लागतो, तो तर पायलटने फारसा पाहिलाच नव्हता. त्यासाठी मी वेगळी रक्कम धरली नाही, आणि ती माझी या हिशेबातली कच्ची जागा आहे.

डबे-भांड्यांच्या ओळीत वहीतली एक नोंद कामी आली. ८० डब्यांपैकी तीन महिन्यांत ६ परतले नाहीत किंवा झाकणं गेली. वर्षाला हे प्रमाण ३० टक्क्यांवर जातं, म्हणजे ८०० डब्यांत दरवर्षी २४० नवे. पैसा मोठा नाही, पण धरला नाही तर सातव्या-आठव्या महिन्यात डबे कमी पडू लागतात आणि कारण कोणाला सांगता येत नाही.

कायद्याच्या पायऱ्याही गुणाकारात दिसत नाहीत. पायलटमध्ये तीन पगारी माणसं होती. विस्तारात स्वयंपाकघरात दहा, पोचवणारे पंधरा, समन्वयाला दोन, म्हणजे सत्तावीस. दहा माणसं झाली की ई.एस.आय., म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागू होतो आणि वीस झाली की पी.एफ., म्हणजे भविष्य निर्वाह निधी. मालकाचा वाटा ई.एस.आय.ला ३.२५ टक्के, पी.एफ.ला १२ टक्के आणि थोडा प्रशासकीय खर्च. आमच्या पगारांवर ते महिन्याला सुमारे ५०,००० होतं. अन्नपरवान्याचंही तसंच, साधी नोंदणी पुरते की राज्याचा परवाना लागतो हे वार्षिक उलाढालीवर ठरतं, आणि उलाढाल दहापट होणार असेल तर आधीच चौकशी करा.

सरासरीचा सगळ्यात मोठा धोका मला इथे दिसतो: चारशेसाठी माणसं नेमली, स्वयंपाकघर भाड्याने घेतलं, आणि सहा महिन्यांनी डबे दोनशेच राहिले. देणगी आटली, किंवा नावनोंदणी हळू झाली. पहिला रस्ता म्हणेल, अर्धे डबे, अर्धा खर्च, दर ९८ च. वास्तवात माणसं, जागा आणि ई.एस.आय.-पी.एफ.चे मिळून महिन्याचे ४,८२,००० रुपये चालूच राहतात. ते ५,२०० डब्यांवर पडले की ९३ होतात, त्यावर माल-गॅसचे ४६. डबा १३९ ला पडतो, भांडी धरलेलीच नाहीत.

त्यामुळे माझा कौल असा. त्याच वस्तीत, त्याच स्वयंपाकघरातून, थोडी वाढ करायची असेल तर पूर्ण मांडणीची गरज नाही. फक्त वाढीव खर्च काढा, आणि तोही सरासरीने नको. वस्ती बदलत असेल, जागा बदलत असेल, किंवा फुकट मिळणारी गोष्ट विकत घ्यावी लागणार असेल, तर सुटी मांडणीच करा. ती करायला मला चार संध्याकाळी लागल्या. मात्र त्यासाठी पायलट चालू असतानाच तीन नोंदी ठेवाव्या लागतात, नंतर आठवून भरता येत नाहीत: प्रत्येक फेरीला लागलेली मिनिटं, माल महिन्यावार आणि प्रकारवार, आणि फुकट काम करणाऱ्यांचे तास. आमचे दोन काका रोज मिळून चार तास देत होते. ते मी वहीत शून्य रुपये म्हणून लिहिलं, पण तास लिहिले, म्हणून पुढे पगार ठरवता आला.

देणगीदारांकडे शेवटी आम्ही एक आकडा नेला नाही. सुरुवातीलाच लागणारे भांडी-डब्यांचे ५,८७,६०० वेगळे मागितले, कारण गुणाकारात ते वर्षभर थोडे थोडे येतात आणि शेगडी तर पहिल्याच दिवशी लागते. बाकीचं फेरीवार मागितलं: दाट फेरी एवढ्याची, विखुरलेली एवढ्याची. आणि एक अट आम्हीच घातली, की एखाद्या भागात फेरीच्या तीन चतुर्थांश, म्हणजे दाट भागात ३० आणि विखुरलेल्या भागात १६-१७ नावं नोंदल्याशिवाय तिथे मुलगा नेमायचा नाही. आता दर शनिवारी मी एकूण खर्च बघत नाही, प्रत्येक फेरीची दीड तासात किती घरं झाली ते बघते. विजय नगरची एक फेरी सध्या १८ वर अडकली आहे. एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर रोज नव्याने नोंद करायला लावतात. पुढच्या आठवड्यात तिथल्या सचिवांना भेटून मुलासाठी कायमचा पास मागायचा आहे.