राहत्या घरातून पैसा: रिव्हर्स मॉर्गेज की घर विकून लहान घर?

पुण्यात 1 कोटीचं घर, मालक सत्तरीचे, पेन्शन नाही. समजा, बँकेने हे घर तारण ठेवून 10 टक्के व्याजाने 15 वर्षांचं रिव्हर्स मॉर्गेज दिलं आणि व्याजासकट कर्जाची मर्यादा 60 लाख ठरवली. महिन्याला साधारण 14,500 रुपये हाती येतील, तेही करमुक्त. हप्ता भरायचा नाही, घर सोडायचं नाही. पण 15 वर्षांत मिळतात जेमतेम 26 लाख. उरलेले 34 लाख व्याजच! पंच्याऐंशीव्या वर्षी पैसे थांबतात. नवरा-बायको दोघंही जाईपर्यंत घरात राहता येतं, व्याज मात्र चढतच राहतं. त्यानंतर मुलांनी कर्ज फेडून घर सोडवायचं, नाहीतर बँक ते विकते आणि उरलेली रक्कम वारसांना देते.

दुसरा मार्ग: घर विकून 60 लाखांचं लहान घर घ्यायचं. मुद्रांक शुल्क वगैरे जाऊनही 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येतात. 8.2 टक्क्यांनी महिन्याला सरासरी 20,500 रुपये पडतात. व्याज करपात्र, पण मुद्दल शाबूत आणि घर बिनकर्जाचं.

आकड्यांत दुसराच मार्ग सरस. पण सत्तरीत शेजार सोडवत नाही, त्याची किंमत बँक लावत नाही.