अहवालाचा टेम्प्लेट: काही महिने वापरल्यावरचा अनुभव, आणि त्या करड्या सूचना

तिमाही अहवाल छापून गेला आणि चौथ्या पानावर ‘येथे पार्श्वभूमी थोडक्यात लिहा’ हे वाक्य करड्या अक्षरांत जसंच्या तसं छापलेलं निघालं. त्याच्या खाली नीट लिहिलेली पार्श्वभूमीही होती. हा वर्डमधला टेम्प्लेट आम्ही पैसे मोजून बाहेरून करून घेतला होता. दुरुस्ती मागितली तर उत्तर आलं की हा ‘नवीन बदल’ आहे, त्याचे वेगळे पैसे पडतील. तेव्हापासून मी तो स्वतःच उघडून दुरुस्त करत आले आहे, म्हणून हा अनुभव जरा लांबलाय.

चांगलं आधी सांगते. स्टाइल्सचं काम पक्कं आहे. शीर्षकांसाठी वर्डच्या मूळच्या Heading 1 ते Heading 3 याच स्टाइल्स बदलून वापरल्या आहेत, स्वतःच्या नावाच्या नव्या काढलेल्या नाहीत. त्यामुळे अनुक्रमणिका आणि डावीकडचं नेव्हिगेशन काहीही न जुळवता चालतं. एकच गोष्ट राहून गेली होती: फॉन्टच्या चौकटीत Latin text आणि Complex scripts असे दोन वेगळे भाग असतात, आणि देवनागरी दुसऱ्या भागावर चालते. आमच्याकडे फक्त पहिला भरलेला होता. इंग्रजी आकडे एका मापाचे, मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये. प्रत्येक स्टाइलमध्ये दोन्ही भाग भरले आणि तो विषय संपला.

खरं दुखणं सूचनांचं. टेम्प्लेट बनवणाऱ्याने प्रत्येक भागात एक कंटेंट कंट्रोल टाकून त्यात प्लेसहोल्डर म्हणून सूचना लिहिली होती. क्लिक करून टाइप केलं की सूचना आपोआप जाते, हे मला सुरुवातीला फार आवडलं होतं. मुखपृष्ठावर ते आजही उत्तम चालतं. शीर्षकाचा कंट्रोल डॉक्युमेंटच्या Title या गुणधर्माला जोडलेला आहे. तिथे एकदा लिहिलं की प्रत्येक पानाच्या वरच्या पट्टीत तेच येतं. कालावधीसाठी यादी, तारखेसाठी कॅलेंडर. छोट्या, एका ओळीच्या गोष्टींना यापेक्षा चांगली सोय नाही.

पण मोठ्या भागांत हीच सोय उलटते. लेखक कंट्रोलमध्ये क्लिक न करता त्याच्या खालच्या ओळीवर जातो आणि लिहू लागतो, कारण करडा मजकूर पुसायचा की ठेवायचा हे त्याला कळत नाही. न भरलेला प्लेसहोल्डर वर्ड छापतोच. तो फक्त पडद्यापुरता नसतो. शिवाय साध्या मजकुराच्या कंट्रोलमध्ये टेबल बसत नाही, मग टेबल बाहेर आणि मजकूर आत अशी ओढाताण होते. म्हणून मजकुराच्या भागांतले सगळे कंट्रोल मी काढून टाकले.

त्यानंतर ‘मार्गदर्शन’ नावाची वेगळी परिच्छेद-स्टाइल बनवली आणि तिला Hidden लावलं. म्हणजे लिहिताना Ctrl+Shift+8 दाबून सूचना दिसतील आणि छापताना गळतील. कागदावर ही कल्पना निर्दोष वाटत होती. पण सूचना दिसत असताना त्या पानावर जागाही घेतात. त्या अवस्थेत अनुक्रमणिका अपडेट केली की पानांचे आकडे सूचनांसकट मोजले जातात आणि छापील प्रतीत एखाद-दोन पानांनी चुकतात. दुसरं म्हणजे, लपवलेला मजकूर फाइलमध्ये राहतोच. फाइल ज्याला पाठवली तोही तेच बटण दाबून आमच्या आतल्या सूचना वाचू शकतो. हे मला अजिबात मान्य नव्हतं, म्हणून Hidden काढलं.

आता जे आहे त्यावर मी समाधानी आहे. ‘मार्गदर्शन’ स्टाइल दिसते आणि ठळक दिसते: फिकट निळी पार्श्वभूमी, डाव्या बाजूला रेघ, अक्षर मजकुरापेक्षा लहान. तिरपं अक्षर मुद्दाम नाही, देवनागरीत ते वाचायला त्रास देतं. स्टाइलच्या खिडकीत Style for following paragraph इथे Body Text ठेवलं आहे, म्हणजे सूचनेच्या शेवटी एंटर मारलं की पुढची ओळ आपोआप मजकुराच्या स्टाइलमध्ये सुरू होते. काम संपलं की Styles पॅनमध्ये ‘मार्गदर्शन’वर उजवं क्लिक, Select All, आणि Delete. तिथे किती परिच्छेद निवडले जाणार तो आकडाही दिसतो. टेम्प्लेटमध्ये सूचना अकरा आहेत, आणि आकडा तेरा दिसला तर थांबायचं.

हा आकडा का पाहायचा ते आम्हाला एका सहकाऱ्याच्या फाइलने शिकवलं. त्याने सूचनेच्याच मधोमध एंटर मारून लिहायला सुरुवात केली, त्यामुळे त्याचे दोन परिच्छेद ‘मार्गदर्शन’ स्टाइलमध्येच राहिले आणि शेवटच्या साफसफाईत सूचनांबरोबर पुसले गेले. मूळ फाइल होती म्हणून वाचलं. त्यानंतर प्रत्येक सूचनेखाली Body Text मधला एक रिकामा परिच्छेद आधीच ठेवला आहे, म्हणजे लेखकाला जागा शोधावी लागत नाही. आणि हो, सूचना टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवू नका. आमच्याकडे दोन होत्या आणि त्या या निवडीत आल्याच नाहीत.

सूचनेत काय लिहायचं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वसूल झाला. आधी निष्कर्षांच्या भागात ‘येथे निष्कर्ष लिहा’ एवढंच होतं. तीन लेखकांनी तीन प्रकार दिले: एकाने झालेल्या बैठकांची हकिगत, दुसऱ्याने शिफारशी, तिसऱ्याने आकड्यांचा ढीग. आता तिथे असं आहे: ‘प्रत्येक निष्कर्ष एका वाक्यात. काय आढळलं आणि कोणत्या तक्त्यावरून, हे दोन्ही हवं. शिफारस इथे नको, ती भाग ५ मध्ये. नमुना: अर्जांचा सरासरी निपटारा 18 वरून 11 दिवसांवर आला, तक्ता 3.’ नमुन्याचं वाक्य आल्यापासून संपादनात या भागाला हात लावावा लागत नाही. ‘थोडक्यात’ हा शब्द मी सगळ्या सूचनांमधून काढला, कारण कुणाचं थोडक्यात तीन ओळींचं, कुणाचं दोन पानांचं. त्याऐवजी ‘पाच ओळींपर्यंत’ असं लिहिलं.

स्वतःचं फॉरमॅटिंग करणाऱ्यांसाठी Restrict Editing मधून ठरावीक स्टाइल्सपुरतंच फॉरमॅटिंग चालू ठेवलं आहे. यात ठळक करण्याचं बटणही बंद पडतं, त्यामुळे Strong ही अक्षर-स्टाइल यादीत ठेवायलाच हवी. नाहीतर पहिल्याच दिवशी सगळे तक्रार घेऊन येतील.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बहुतेक जण नवा अहवाल टेम्प्लेटवरून उघडतच नाहीत. मागच्या तिमाहीची फाइल घेऊन Save As करतात. त्या फाइलमधल्या सूचना तेव्हाच पुसलेल्या असतात, म्हणजे सुधारलेली सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाही. Automatically update document styles चालू केलं तरी फक्त स्टाइल्स नव्या होतात, मजकूर नाही. सध्या प्रत्येक तिमाहीच्या सुरुवातीला मीच .dotx वरून कोरी फाइल काढून, नाव देऊन लेखकांना पाठवते आणि मागच्या तिमाहीच्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या ठेवल्या आहेत. पहिल्यांदाच टेम्प्लेट करून घेणार असाल तर बनवणाऱ्याशी ठरवताना दोन गोष्टी लेखी घ्या: मजकुराच्या भागातल्या सूचना वेगळ्या परिच्छेद-स्टाइलमध्ये हव्यात, आणि सूचनांचा मजकूर तुम्ही स्वतः बदलू शकाल. दिसण्यातले बाकी बदल स्टाइल्समधून घरच्या घरी होतात, त्यासाठी पुन्हा पैसे देऊ नका.