साडेनऊ लाखांत मिटवावं की अठरा लाखांचे हप्ते पाडून घ्यावेत?

अंबड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशनचं जॉबवर्क करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवू. मशिनरीसाठी घेतलेल्या कर्जात मुद्दल १४ लाख राहिलंय आणि थकलेलं व्याज ४ लाख झालंय, म्हणजे एकूण १८ लाख. मोठ्या कंपनीने ऑर्डर बंद केल्या आणि हप्ते तुंबले. नव्वद दिवस उलटले तसं खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत-अनुत्पादक कर्जांत गेलं, त्यालाही आता दोन वर्षं झाली. तारण म्हणून मशिनं आहेत, जुन्या बाजारात त्यांचे पाच लाख आले तर खूप. जामीनदार सख्खा मेहुणा. आकडे मी धरलेले आहेत, पण अशी फाइल घेऊन येणारे लोक नाशिकमध्ये बरेच भेटतात.

त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे ओटीएस, एकरकमी तडजोड: साडेनऊ लाख घ्या आणि खातं बंद करा. दुसरी, उरलेल्या रकमेचे नवे हप्ते पाडून घ्यायचे.

नुसत्या रकमा मांडल्या तर निकाल एकतर्फी दिसतो. १८ लाखांचे ११ टक्क्यांनी पाच वर्षांचे हप्ते पाडले तर महिन्याला साधारण ३९ हजार जातात आणि शेवटपर्यंत साडेतेवीस लाख भरले जातात. तडजोडीत साडेनऊ. पण तडजोडीनंतर सिबिलच्या पत-अहवालावर ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि तो बरीच वर्षं मागे लागतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोड करणारी बँक निदान बारा महिने तुम्हाला नवं कर्ज देऊ शकत नाही. इतर बँकांवर असं बंधन नाही, पण शेरा पाहून त्याही दारातूनच परत पाठवतात.

मग या शेऱ्याची किंमत काढू. धंद्याला पाच लाखांचं खेळतं भांडवल लागतं असं समजा. बँकेकडून ते वर्षाला ५५ हजार व्याजात पडलं असतं. बाहेरून महिना दोन टक्क्यांनी उचललं तर १ लाख २० हजार लागतात. फरक वर्षाला ६५ हजार, पाच वर्षांत सव्वातीन लाख. तडजोडीत सुटले साडेआठ लाख. म्हणजे या माणसाला सगळं धरूनही ओटीएस परवडतं. मात्र दोन वर्षांत घरकर्ज काढायचं असेल किंवा मोठी सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट, मिळाल्याशिवाय धंदा उभाच राहणार नसेल, तर मी हप्त्यांकडे झुकेन. एक ध्यानात घ्या, हप्ते पाडले म्हणून खातं दुसऱ्या दिवशी नियमित होत नाही. नव्या हप्त्यांवर साधारण वर्षभर चोख चाललात की मगच.

बँक साडेनऊला ‘हो’ का म्हणेल, हा प्रश्न खरा. बहुतेक जण अर्जात आजारपण, मुलीचं लग्न, बाजारातली मंदी असं सगळं लिहितात. वसुली अधिकारी ते वाचतो, मान डोलावतो आणि विचारतो, “जामीनदाराचा फ्लॅट आहे ना?” बँकेचा हिशेब एवढाच असतो: तडजोड न करता हातात काय येईल, आणि कधी? आपल्या उदाहरणात मशिनं विकून चार-पाच लाख येतील, पुढे जामीनदारावर दावा, त्यात काही वर्षं. त्यामुळे साडेनऊ लगेच मिळाले तर बँकेला ते बरे वाटू शकतात. म्हणून अर्जासोबत मशिनांचं मूल्यांकन आणि पैसे कुठून येणार याचा पुरावा लावा, म्हणजे सोनं मोडणार की एखादा प्लॉट विकणार. दुःखाच्या दोन पानांपेक्षा ती दोन कागदं जास्त काम करतात.

आता त्याच माणसाने इंदिरानगरचा तीस लाखांचा फ्लॅट गहाण ठेवलेला असता तर सगळं चित्र उलटं. कोर्टात दावा न लावता तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन, मग ताबा आणि लिलाव करून बँकेला जवळजवळ पूर्ण रक्कम मिळते. तिथे मुद्दलात सूट मागणं व्यर्थ. फार तर व्याजातला काही भाग सुटेल. अशा वेळी ओटीएसच्या मागे सहा महिने घालवण्यापेक्षा बँकेची परवानगी घेऊन, खरेदीदाराचा चेक थेट कर्जखात्यात भरायला लावून फ्लॅट स्वतः विकणं शहाणपणाचं. लिलावात बाजारभाव सहसा मिळत नाही. तो फरक तुमच्या खिशातून जातो, आणि ‘सेटल्ड’ऐवजी ‘क्लोज्ड’ मिळण्याची संधीही हातची जाते.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ओटीएस हा तुमचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनोरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं, की न्यायालय बँकेला तडजोड करायला भाग पाडू शकत नाही. शाखाधिकाऱ्याने चहा पाजून “होऊन जाईल” म्हटलं तरी त्याला अर्थ नसतो. ज्याने कर्ज मंजूर केलं त्याच्यापेक्षा निदान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी तडजोडीला लागते. सूट मागायचीच असेल तर मार्चअखेरीच्या आधी अर्ज पोहोचलेला बरा, कारण तेव्हा शाखेलाही वसुलीचा आकडा दाखवायचा असतो. दुसरी जागा म्हणजे सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातली लोकअदालत. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं. सही करण्यापूर्वी दोनदा वाचा.

तडजोड फसते ती बहुधा पैशांच्या तारखेवर. अर्जाबरोबर साधारण दहा टक्के भरायला सांगतात. उरलेली रक्कम तीन महिन्यांत भरणं सोयीचं, कारण मुदत त्यापुढे गेली तर बँकेला ते पुनर्रचना म्हणून धरावं लागतं आणि ती सहसा तयार होत नाही. समजा नऊ लाख भरलेत आणि शेवटचे पन्नास हजार चुकलात, तर तडजोड रद्द होऊ शकते. भरलेले पैसे थकबाकीत वळते होतात आणि अठरा लाखांचा जुना हिशेब व्याजासकट पुन्हा उभा राहतो. म्हणून प्लॉटचा सौदा पक्का होण्याआधी तारीख देऊ नका. आणि पैसे फक्त कर्जखात्यातच भरा. “अर्ध्यात मिटवून देतो, तोवर हप्ते बंद ठेवा” म्हणणाऱ्या एजंटाच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका.

मंजुरीपत्रात जामीनदाराचं नाव आणि त्याची मुक्तता स्पष्ट लिहिलेली हवी. नाहीतर उरलेल्या साडेआठ लाखांसाठी बँक मेहुण्याकडे जाऊ शकते, आणि ही गोष्ट तुम्हाला दिवाळीच्या जेवणावर कळते. मशिनांवरचा बोजा उतरवणं आणि चेक न वटल्याचा कलम १३८ खालचा खटला मागे घेणं, हेही त्याच पत्रात घाला. माफ झालेली रक्कम व्यवसायाच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते, तेव्हा पैसे भरण्याआधी सीएला पत्र दाखवा. शेवटचा हप्ता भरला की नो ड्यूज घ्या आणि दोन महिन्यांनी सिबिल अहवाल काढून पाहा. तिथे थकबाकी शून्य दिसत नसेल तर बँकेला लेखी कळवा.