ग्रुप फोटोतले कडेचे ताणलेले चेहरे: हाताने दुरुस्ती, सिलिंड्रिकल की पानिनी?

नौपाड्यातल्या एका सभागृहात माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याचा फोटो काढताना मागे सरकायला जागाच उरली नव्हती, म्हणून फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स लावून मी तीन रांगा चौकटीत बसवल्या. मधली माणसे उत्तम आली, पण उजव्या टोकाच्या काकांचा चेहरा रुंद झाला आणि खालच्या कोपऱ्यात बसलेल्या मुलीचे डोके तिरके, कोपऱ्याकडे ओढल्यासारखे दिसू लागले.

हा लेन्सचा दोष नाही. त्यामुळेच लेन्स प्रोफाइल लावून तो जात नाही, कारण प्रोफाइल सरळ रेषा सरळ करते आणि सरळ रेषा राखण्याची किंमतच ही असते. सपाट सेन्सरवर पडणारी गोल वस्तू मध्यापासून जितकी दूर, तितकी मध्यापासून बाहेरच्या दिशेने ताणली जाते. २४ मिमीच्या आडव्या चौकटीत अगदी कडेचे डोके उंचीच्या तुलनेत सुमारे सव्वापट रुंद होते. १६ मिमीला हे प्रमाण दीडपटीवर जाते. कोपऱ्यात ही दिशा तिरपी असते, म्हणून तिथे चेहरा नुसता रुंद न होता कललेलाही वाटतो.

त्याच फोटोत मागच्या भिंतीवरचे घड्याळ मात्र कडेला असूनही पूर्ण गोल आहे आणि शेजारचा फुगा लंबगोल आहे, कारण सेन्सरला समांतर असलेली सपाट वस्तू बिघडत नाही आणि डोके हे फुग्याच्या जातीचे आहे. फुगा गोल केला की घड्याळ लंबगोल होणार. दोन्ही एकदम साधत नाहीत, आणि पर्याय निवडताना खरा प्रश्न तोच आहे.

दोन-तीनच चेहरे बिघडले असतील आणि मागे साधी भिंत असेल, तर फोटोशॉपमध्ये हाताने केलेली दुरुस्ती मला आजही सर्वांत चांगली वाटते. काकांचे डोके निवडून आडवे ८० टक्क्यांवर आणले की उंची तशीच राहते, म्हणजे ते शेजाऱ्यांपेक्षा लहानही दिसत नाहीत. कोपऱ्यातल्या मुलीचा चेहरा मात्र आडवा नव्हे, तर मध्यापासून तिच्याकडे जाणाऱ्या रेषेवर दाबावा लागतो. खांद्याला खांदा भिडलेला असला, की एकाला दाबताना दुसऱ्याच्या साडीचा काठ वाकतो. रांगेत चाळीस माणसे असतील तर हा मार्ग सोडावा.

तेव्हा संपूर्ण चित्राचे प्रक्षेपणच, म्हणजे समोरचे दृश्य सपाट चित्रावर मांडण्याची पद्धतच, बदलणे सोपे पडते. हगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकच फोटो घालून हे करता येते. सिलिंड्रिकल निवडले की मधल्या उंचीवरची डोकी गोल होतात आणि खांब उभे राहतात, पण सरळ ओळीत उभी असलेली टोकाची माणसे मधल्यांच्या तुलनेत सुमारे पाचव्या हिश्श्याने लहान होतात आणि रांग कमानीसारखी वाकते. ग्रुप कॅमेऱ्याभोवती अर्धवर्तुळात उभा केला असता तर हेच प्रक्षेपण शोभले असते. `General Panini` या पानिनी प्रक्षेपणात आडवा दाब ठरवणारे `Cmpr` १०० ठेवले तर डोकी तितकीच गोल होतात, खांबही उभे राहतात, पण टोकाची माणसे केवळ अकरा टक्क्यांच्या आसपास लहान होतात. सरळ रांगांसाठी म्हणून मी पानिनीच निवडली. डोकी सगळीकडे गोल ठेवणारे स्टिरिओग्राफिक प्रक्षेपणही आहे, पण त्यात कडेचे खांब वाकतात, आणि सभागृहात ते लगेच डोळ्यांत भरते.

पानिनीत अडचण बॅनरची येते. मेळाव्याचे नाव लिहिलेला पूर्ण रुंदीचा बॅनर मागे होता, आणि त्याची वरची कड टोकांकडे खाली झुकली. `Tops` वाढवून ती बऱ्यापैकी सरळ करता आली, पण त्यासोबत वरच्या रांगेतले कडेचे चेहरे पुन्हा थोडे ताणले गेले, म्हणून मी अर्ध्यावर थांबलो. बॅनरवरचे अक्षर न् अक्षर सरळ हवे असेल, तर हाताच्या दुरुस्तीकडेच वळावे.

दोन गोष्टी आधी तपासाव्यात. कॅमेरा खाली झुकलेला असेल तर तो कल हगिनमध्ये पिच बदलून आधी काढावा, नाहीतर खांब उभे राहत नाहीत. आणि फोटो मूळ, न कापलेला हवा, कारण गणित चित्राच्या मध्यापासून चालते. एका बाजूने कापलेल्या फोटोत एका टोकाचे चेहरे बारीक आणि दुसऱ्या टोकाचे रुंद राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत लेन्सची माहिती उरत नाही, तेव्हा ती हाताने भरावी लागते: २४ मिमीसाठी आडवा कोन सुमारे ७४ अंश. कोन चुकला की ओळखायला तो फुगा पुरतो. उभट दिसला तर भरलेला कोन जास्त झाला, आडवा राहिला तर कमी पडला.

दुरुस्तीनंतर चित्राची रुंदी घटते आणि वर-खाली कमानीसारखी रिकामी जागा सुटते, ती कापावी लागते. माझ्या फोटोत पुढच्या रांगेच्या पायांखाली मोकळी जमीन होती म्हणून निभावले; चपलांपर्यंत घट्ट चौकट धरली असती, तर मधल्या लोकांची पावले सोडावी लागली असती.