फंडिंग रेट: लाँगची गर्दी आणि शॉर्टची गर्दी एकाच मापाने मोजू नका

बिटकॉइनच्या पर्पेच्युअल फ्यूचर्सवर फंडिंग +०.०८ टक्के दिसलं की कुणीतरी म्हणतं, ‘लाँगवाले फार झाले, आता पडणार.’ −०.०३ दिसलं की तोच माणूस म्हणतो, ‘शॉर्टवाले अडकलेत, आता उसळणार.’ लाँग म्हणजे भाव चढेल यावर लावलेला सौदा, शॉर्ट म्हणजे पडेल यावर लावलेला. दोन्ही वाक्यं एकमेकांच्या आरशातली वाटतात. तसं नाही. दोन्ही गर्द्या वेगळ्या कारणांनी जमतात, वेगळ्या तऱ्हेने फुटतात, आणि त्यावरून तुम्ही काय करायचं तेही वेगळं निघतं. माझं मत आधीच सांगतो: फंडिंग खूप चढलेलं असेल तर आपलं लीव्हरेज कमी करावं, पण तेवढ्यावर शॉर्ट मारू नये. खोल ऋण असेल तर संकेत जास्त वजनदार असतो, पण फंडिंग ऋण का झालं हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पर्पेच्युअलला एक्स्पायरी नसते. एक्स्पायरी नाही म्हणजे फ्यूचरचा भाव स्पॉटला, म्हणजे प्रत्यक्ष नाण्याच्या भावाला, येऊन मिळेल अशी सक्तीची तारीखही नाही. ते काम फंडिंग करतं. पर्पेच्युअलचा, म्हणजे पर्पचा, भाव स्पॉटच्या वर पळाला की लाँगवाले शॉर्टवाल्यांना पैसे देतात, खाली गेला की शॉर्टवाले लाँगवाल्यांना. बिटमेक्सने २०१६ मध्ये हे बिटकॉइनवर आणलं तेव्हा ते नवीन वाटलं, पण दलाल स्ट्रीटवरच्या जुन्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. बदला चालू होता तेव्हा तेजीवाल्याला सौदा पुढे ढकलायचा असेल तर तो बदल्याचं व्याज भरायचा, आणि मंदीवाल्यांचीच गर्दी झाली की पैसे उलट्या दिशेने वाहायचे. त्याला उंधा बदला म्हणत. जुलै २००१ मध्ये सेबीने बदला बंद केला. तोवर बदल्याचा दर बघून बाजार कुठे कलला आहे याचा अंदाज घेणारे लोक होतेच.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. प्रत्येक लाँगसमोर एक शॉर्ट असतोच. त्यामुळे ‘लाँगची गर्दी’ म्हणजे लाँगची संख्या जास्त असं नव्हे. पोझिशन धरून ठेवण्यासाठी कोण जास्त पैसे मोजायला तयार आहे, म्हणजे घाई कुणाला आहे, हे फंडिंग सांगतं.

शून्य हा मध्य नाही

बायनान्स आणि त्याच धाटणीच्या एक्स्चेंजवर बिटकॉइनचं फंडिंग दर ८ तासांनी कापलं जातं. आपल्या घड्याळात पहाटे ५.३०, दुपारी १.३० आणि रात्री ९.३०. त्या क्षणी पोझिशन उघडी असेल तरच पैसे द्यावे लागतात किंवा मिळतात. सूत्र असं:

```
F = P + clamp(I − P, −0.05%, +0.05%)
```

यात P म्हणजे पर्पचा भाव स्पॉट निर्देशांकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली आहे त्याची सरासरी. I म्हणजे ठरलेलं व्याज, ८ तासांना ०.०१ टक्के. clamp म्हणजे मधली रक्कम त्या दोन मर्यादांच्या बाहेर जाऊ न देणं. आकडे घालून बघा:

| प्रीमियम P | फंडिंग F |
|---|---|
| −०.१०% | −०.०५% |
| −०.०३% | ०.०१% |
| ०.०२% | ०.०१% |
| ०.०५% | ०.०१% |
| ०.१०% | ०.०५% |
| ०.१५% | ०.१०% |

P उणे ०.०४ पासून अधिक ०.०६ पर्यंत कुठेही असला तरी फंडिंग ०.०१ वरच बसून राहतं. म्हणजे ०.०१ हा ‘बाजार थोडा तेजीत आहे’ असा संकेत नाही, तो यंत्राचा मुक्कामाचा आकडा आहे. वर्षाला तो १०.९५ टक्के होतो म्हणून नवख्याला मोठा वाटतो, एवढंच. उलट फंडिंग साधं −०.०१ दिसलं तरी त्याचा अर्थ पर्प स्पॉटपेक्षा सरासरी ०.०६ टक्क्यांनी स्वस्त विकलं जात होतं. म्हणूनच +०.०१ आणि −०.०१ यांना सारखं वजन देता येत नाही. हायपरलिक्विड या एक्स्चेंजवर कापणी दर तासाला होते आणि काही ऑल्टकॉइनवर दर ४ तासांनी. तेव्हा दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्ही ८ तासांच्या मापात आणा. ही साधी चूक फार लोक करतात.

लाँगची गर्दी: लवकर दिसते, उशिरा फुटते

लाँगवाल्यांची गर्दी मुळात हावेची असते, आणि हाव आठवडेच्या आठवडे टिकते. २०२१ चा फेब्रुवारी घ्या. पहिल्या आठवड्यात बिटकॉइन ३८ हजार डॉलरच्या आसपास होता आणि फंडिंग नेहमीच्या कितीतरी पट होतं. ‘गर्दी झाली’ म्हणून तिथे शॉर्ट मारणाऱ्याला सरासरी ०.०८ टक्के मिळाले असं धरलं, तरी १५ दिवसांत त्याची कमाई ३.६ टक्के. २१ फेब्रुवारीला भाव ५८ हजारांवर होता, म्हणजे ५० टक्क्यांहून जास्त तोटा. थांबण्याचे पैसे मिळत होते हे खरं, पण कशाच्या समोर थांबला होता तेही बघायला हवं.

मग ही गर्दी फुटते कशी? याचं उत्तर मार्जिनमध्ये आहे. फंडिंग मार्जिनवर नाही, पूर्ण पोझिशनवर लागतं. समजा एकाने १,००० डॉलर लावून १० पट लीव्हरेजवर १०,००० डॉलरचा लाँग घेतला आणि फंडिंग ०.१० टक्के आहे. दर कापणीला १० डॉलर, दिवसाला ३० डॉलर जातात. भाव जागेवर राहिला तरी १० दिवसांत ३०० डॉलर गेले. सुरुवातीला १० टक्क्यांची घसरण झाली असती तर त्याचं मार्जिन संपलं असतं, आता ७ टक्क्यांतच संपेल. पोझिशन उघडी ठेवायला किमान लागणारं मेंटेनन्स मार्जिन धरलं तर त्याही आधी लिक्विडेशन होईल, म्हणजे एक्स्चेंज पोझिशन सक्तीने बंद करेल. भाव नुसता आडवा चालला तरी गर्दी आपोआप ठिसूळ होत जाते. चढं फंडिंग, वाढतं ओपन इंटरेस्ट म्हणजे उघड्या सौद्यांची एकूण बेरीज, आणि दमलेला भाव हे तिन्ही एकत्र दिसले की धोका खरा.

एप्रिल २०२१ मध्ये तेच झालं. १४ तारखेला भाव ६४,८०० च्या आसपास शिखरावर होता, पुढे चढेना, आणि फंडिंग मात्र चढंच होतं. १८ एप्रिलच्या रविवारी तो थोड्या वेळात ५२ हजारांच्या घरात कोसळला. त्या वेळच्या आकडेवारीनुसार एका दिवसात जवळपास १० अब्ज डॉलरच्या पोझिशनी जबरदस्तीने बंद झाल्या, आणि फंडिंग लगेच खाली आलं. ठिणगी कुठून पडली यावर आजही वाद घालता येईल. फंडिंगने ती ठिणगी सांगितली नव्हती. कोसळलं तर किती खोल जाईल याची कल्पना मात्र दिली होती.

शॉर्टची गर्दी: क्वचित जमते, पण आधी कारण विचारा

बिटकॉइनसारख्या मोठ्या नाण्याचं फंडिंग दिवसेंदिवस ऋण राहणं नेहमीचं नाही. ०.०१ चा मुक्काम मोडून शॉर्टवाले पैसे द्यायला तयार झाले म्हणजे घाई खरी आहे. मे २०२१ च्या पडझडीनंतर फंडिंग अनेकदा शून्याखाली जात होतं. २० जुलैला भाव ३० हजारांच्या खाली गेला, तरी तिथून आणखी मोठी घसरण झाली नाही. वाईट बातम्या होत्या, शॉर्टवाले पैसे भरत होते आणि भाव खाली जायला तयार नव्हता. २६ जुलैला तो जवळपास ४० हजारांना टेकला आणि शॉर्टवाल्यांना मिळेल त्या भावात विकत घेऊन बाहेर पडावं लागलं.

आता दुसरं चित्र. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं फंडिंग बिटकॉइनच्या जुलैपेक्षाही खोल ऋण गेलं. वरवर बघितलं तर शॉर्टवाल्यांची याहून मोठी गर्दी नसेल. पण १५ सप्टेंबरला मर्ज, म्हणजे इथेरियमची साखळी मायनिंग सोडून नव्या पद्धतीवर जाण्याचा बदल, होणार होता, आणि त्यानंतर फुटून निघणाऱ्या साखळीची नवी नाणी स्पॉट इथर बाळगणाऱ्याला फुकट मिळणार होती. लोकांनी स्पॉट इथर घेतला आणि भावाची जोखीम नको म्हणून पर्पवर तेवढाच शॉर्ट केला. हे मंदीवाले नव्हतेच. भाव वाढला असता तरी त्यांना पळावं लागलं नसतं, कारण शॉर्टचा तोटा स्पॉटमध्ये भरून निघत होता. मर्ज झाला, त्यांनी स्पॉट विकला, शॉर्ट बंद केला, आणि फंडिंग झटक्यात पूर्वपदावर आलं. स्क्वीझ, म्हणजे अडकलेल्या शॉर्टवाल्यांच्या धावपळीने येणारी उसळी, झालाच नाही. १,६०० डॉलरच्या आसपासचा इथर त्याच दिवशी १,५०० च्या खाली आला आणि आठवड्याभरात १,३०० च्या घरात. ‘ऋण फंडिंग म्हणजे उसळी’ असं धरून ज्यांनी लीव्हरेजवर लाँग घेतला, त्यांचं काय झालं ते सांगायला नको.

हे आधी ओळखता आलं असतं का? आलं असतं. ऋण फंडिंग इथरपुरतं होतं, बिटकॉइनवर तसं काही नव्हतं. सगळा बाजार घाबरला असता तर दोन्हीकडे दिसलं असतं. आणि कॅलेंडरवर ठळक तारीख होती. एकाच नाण्यावर फंडिंग खोल गेलं असेल आणि त्या नाण्याचा एअरड्रॉप म्हणजे फुकट वाटप, अनलॉक म्हणजे अडकवलेली नाणी मोकळी होणं, किंवा फोर्क म्हणजे साखळी फुटणं जवळ असेल, तर ती हेज करणाऱ्यांची गर्दी समजावी.

मग ठरवायचं कसं

आधी ओपन इंटरेस्ट डॉलरमध्ये नाही, नाण्यांमध्ये बघा. भाव २० टक्के वाढला की डॉलरमधलं ओपन इंटरेस्ट एकही नवा सौदा न होता वाढलेलं दिसतं. नाण्यांमध्ये ते वाढत असेल आणि फंडिंगही टोकाला असेल, तर नवी माणसं आत येत आहेत. ओपन इंटरेस्ट घटत असताना फंडिंग टोकाचं असेल, तर गर्दी आधीच फुटायला लागली आहे आणि तुम्ही उशिरा आलात. मग निदान दोन-तीन एक्स्चेंज ताडून बघा. एकाच ठिकाणचा विचित्र आकडा हा बहुतेक वेळा त्या एक्स्चेंजचा प्रश्न असतो.

२०२१ चे उंबरठे आज जसेच्या तसे लावू नका. तेव्हा ०.१० टक्क्यांवर दिवसेंदिवस बसलेलं फंडिंग बघायला मिळायचं. आता स्पॉट घेऊन पर्प शॉर्ट करणारा पैसा खूप मोठा झाला आहे. एथीनाचं यूएसडीई हे डॉलरशी बांधलेलं नाणं तर मुख्यतः याच कमाईवर उभं राहिलं. फंडिंग जरा चढलं की हा पैसा शॉर्टच्या बाजूला येऊन ते दाबतो. म्हणून गेल्या तीन महिन्यांच्या तुलनेत आजचा आकडा कुठे आहे, हे बघणं जास्त उपयोगाचं.

हाच व्यवहार आपणही करावा असं वाटत असेल, तर भारतातला हिशेब वेगळा आहे. स्पॉटच्या नफ्यावर ३० टक्के कर, विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि स्पॉटच्या तोट्याची दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजावट नाही. भाव पडला तर पर्पवरचा नफा करपात्र ठरू शकतो आणि त्याला तोलणारा स्पॉटचा तोटा कागदावर वाया जातो. परदेशात ज्याला जोखीममुक्त म्हणतात, तो सौदा इथे कर भरल्यावर उणे निघू शकतो.

नुसतं स्पॉट बिटकॉइन बाळगणाऱ्याला चढ्या फंडिंगवर विकायची घाई नाही, फक्त त्या दिवसांत भर घालू नये. पर्पवर लाँग असलेल्याने मात्र रात्री ९.३० च्या आधी आपल्या लिक्विडेशनचा भाव पुन्हा बघावा. आणि सगळीकडे फंडिंग ऋण असताना, तारखेचं कारण नसताना, भावही खाली जात नसताना ज्याला नवा शॉर्ट सुचतो, त्याने तो उद्यावर टाकावा.