गेमचा पास आणि यूपीआय ऑटोपे: सोयाबीन ते तूर, एवढ्या दिवसांचा अनुभव

आमच्या घरच्या पोट्ट्याचा गेम पास प्ले स्टोअरवरून, यूपीआय ऑटोपेने घेतो. सोयाबीन निघालं तेव्हा सुरू केलं, आता तूर घरात आली. सोय चांगली आहे, पण बंद करायची रीत आधी शिकून घ्या.

आठवड्याच्या पासपासून सांभाळून. ₹९९ किरकोळ वाटतात, पण वर्षाचे ५२ आठवडे धरले तर ₹५,१४८ होतात. तेवढ्यात युरियाच्या किती बॅगा येतात, तुम्हीच पाहा.

शेजारच्या काकाजींचा किस्सा ऐका. पोराने गेम फोनमधून काढून टाकला. खात्यात पैसे नव्हते म्हणून हप्ता फेल झाला, सगळ्यांना वाटलं सुटलो. सोयाबीनचा चुकारा जमा झाला अन् ₹९९ कापल्याचा मेसेज आला. काकाजी म्हणे, "गेम तं कवाच उडवला, मंग पैसे काऊन कापले?"

गेम काढल्याने सबस्क्रिप्शन जात नाही. ते गूगल खात्याला चिकटलेलं असते. हप्ता फेल झाला तरी लगेच रद्द होत नाही, काही दिवस लटकून राहते आणि पैशासाठी पुन्हा प्रयत्न होतो.

आम्ही रद्द करायला बसलो तर यादी रिकामी! फोनमध्ये काकाजींचं आणि पोराचं अशी दोन खाती होती, पास पोराच्या खात्यावर. प्ले स्टोअरमध्ये वरच्या फोटोवर दाबून खातं बदललं, मग `Payments & subscriptions`, त्यात `Subscriptions`, गेमचं नाव आणि `Cancel subscription`. कारण विचारते, काहीही निवडा. शेवटचं बटन दाबेपर्यंत काम झालं असं समजू नका. रद्द झाल्याचा ईमेल त्याच खात्यावर येते, तो पाहूनच फोन ठेवा.

त्यानंतर यूपीआय अॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडून तिथलं मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगीही तपासा, चालू दिसलं तर बंद करा. क्रम हाच ठेवा. नुसतं मॅन्डेट बंद केलं तर प्ले स्टोअरमधलं सबस्क्रिप्शन तसंच राहते, आणि तिथे दुसरी पेमेंट पद्धत बॅकअप म्हणून जोडली असेल तर पैसे तिकडून जाऊ शकतात.

मी आता पास घेतला की त्याच बैठकीत रद्द करतो. भरलेली मुदत संपेपर्यंत पास चालतोच, फक्त पुढचा हप्ता थांबतो. पोट्ट्याला फरकही कळत नाही.

हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूचना येते, पण आमच्याकडे बँकेत नंबर बहुतेक घरच्या म्हाताऱ्याचा, साध्या फोनवरचा. इंग्रजी मेसेज कोण वाचते?

पैसे गेलेच तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागून पाहा, मिळेलच असं नाही. त्यानंतर बहुतेक वेळा गेम बनवणाऱ्यालाच लिहावं लागते. काकाजींचे ₹९९ दोन दिवसांत मागितले म्हणून परत आले.